नऊशे बारा पानांचं बाड: एक पुस्तक की दोन भाग?

गेल्या दिवाळीनंतर माझ्या कादंबरीचं बाड ठाण्याला नौपाड्यात प्रकाशकांच्या टेबलावर ठेवलं. दोन लाख बासष्ट हजार शब्द. अकरा वर्षं लिहीत होतो, नोकरी सांभाळून, घणसोलीत रोज पहाटे उठून, त्यामुळे ते टेबलावर ठेवताना हात जड झाला होता. प्रकाशकांनी पानं उलटली नाहीत, आधी शब्दसंख्या विचारली, मग कागदावर काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाले, "हे सत्तावन्न फर्म्यांचं पुस्तक होतंय. एकच करायचं की दोन भाग, हे आधी ठरवा, मग पुढचं बोलू."

मला वाटलं आठवड्याभरात ठरेल, पण सात महिने लागले. त्या सात महिन्यांत जे कळलं ते लिहून ठेवतोय कारण मी शोधत होतो तेव्हा कुणी हे नीट, आकड्यांसकट सांगितलेलं मला सापडलं नव्हतं.

आधी फर्म्याचं सांगतो. डेमी साइजचं पुस्तक, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, हे सोळा सोळा पानांच्या फर्म्यांत छापलं जातं. एका मोठ्या कागदावर एका बाजूला आठ पानं, दुसऱ्या बाजूला आठ, मग घड्या घालून कापतात. म्हणून पुस्तकाचा हिशोब पानांत होत नाही, फर्म्यांत होतो. माझं एक पान तेरा पॉइंटमध्ये एकोणतीस ओळींचं धरलं तर त्यात सुमारे तीनशे शब्द बसतात, म्हणजे आठशे त्र्याहत्तर पानं, त्यात अडतीस प्रकरणांच्या सुरुवातीची अर्धी अर्धी कोरी जागा, अर्पणपत्रिका, मनोगत वगैरे बारा पानं, असं करत नऊशेच्या वर जातं. सत्तावन्न फर्मे, नऊशे बारा पानं.

कादंबरी कशावर आहे ते सांगायला लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या खाडीकाठच्या एका गावातलं मिठागर आणि भातशेती असलेलं आगरी घर. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, पंचाण्णव गावांची जमीन नवी मुंबईसाठी घ्यायचं ठरलं, १९७३ ला वाशीचा खाडीपूल झाला, जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, जासईला दास्तान फाट्यावरचा गोळीबार, दोन दिवसांत पाच जणांचे जीव गेले, मग घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड. या सगळ्यातून एक घर जातं. आणि मध्यभागी एक आजी, जिने मिठागराच्या मोबदल्याच्या कागदावर अंगठा द्यायला पहिल्या पानावर नकार दिलाय. ती अंगठा देणार की नाही, हा प्रश्न १९६९ ला सुरू होतो आणि १९९४ ला सुटतो. हे लक्षात ठेवा, शेवटी निकाल याच्यावरच लागला.

तर प्रकाशकांनी पाचशे प्रतींचं कोटेशन काढलं. प्रेस आमच्या जवळच, रबाळे एमआयडीसीत. माझी समजूत अशी होती की जाड पुस्तक महाग पडतं आणि दोन भाग केले की स्वस्त. कागद हातात आला आणि ती समजूत पहिल्याच दिवशी गेली.

एक जाड पुस्तक, शिलाई करून पुठ्ठा बांधणी. कागद सत्तर जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा, नॅचरल शेड, वाया जाणारा धरून पाचशे वीस किलो, त्या दिवशीचा भाव नव्वद रुपये, म्हणजे सत्तेचाळीस हजार. छपाई प्लेटसकट फर्म्याला चौदाशे, सत्तावन्न फर्म्यांचे जवळपास ऐंशी हजार. बांधणी प्रतीला पंच्याऐंशी, म्हणजे साडेबेचाळीस हजार. जॅकेट, लॅमिनेशन नऊ हजार. एकूण एक लाख साडेअठ्ठ्याहत्तर हजार, प्रतीला तीनशे सत्तावन्न रुपये.

दोन भाग, दोन्ही साधे पेपरबॅक, नुसत्या गोंदाच्या बांधणीचे: आतली पानं तेवढीच, उलट एक फर्मा वाढतो कारण दुसऱ्या भागाला स्वतःचं शीर्षकपान, श्रेयपान, आणि मागचं थोडं सांगणारं काहीतरी लागतं. कव्हरं दोन, म्हणजे डिझाइन दोन आणि छपाई दोन. एकूण एक लाख अडुसष्ट हजार, संचाला तीनशे छत्तीस. आणि दोन्ही भाग शिलाई आणि पुठ्ठ्याचे केले तर थेट चारशे सोळा.

म्हणजे फरक जो काय आहे तो सगळा बांधणीचा. सारख्या बांधणीत दोन भाग कायम महागच पडणार कारण पुठ्ठे चार, कणे दोन, कव्हरं दोन. पेपरबॅकचा संच एकवीस रुपयांनी स्वस्त दिसतो तो शिलाई काढून टाकली म्हणून, दोन भाग केले म्हणून नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक महिना वाचला असता.

छापील किंमत कशी बसते तेही प्रकाशकांनी समोर बसवून सांगितलं, आणि त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे कारण बरेच लोक लेखकाला हे दाखवत नाहीत. उत्पादनखर्चाच्या तिप्पट ते धरतात. तीनशे सत्तावन्नचे अकराशे. त्यातले चाळीस टक्के विक्रेत्याकडे गेले, चारशे चाळीस. माझं मानधन दहा टक्के, एकशेदहा. उरले साडेपाचशे, त्यात पुस्तकाचेच तीनशे सत्तावन्न, म्हणजे हातात एकशे त्र्याण्णव, त्यातून डीटीपी, मुद्रितशोधन, ऑफिसचं भाडं, गोडाऊन आणि न खपलेल्या प्रती. तिप्पट ऐकून मी दचकलो होतो पण हिशोब बघितल्यावर यात कुणी श्रीमंत होत नाही हे दिसलं.

दोन भागांचा खरा फायदा वेगळा होता. पाचशे अधिक पाचशे अशी किंमत ठेवता येते, वाचकाला पहिल्या दिवशी अकराशे काढावे लागत नाहीत. आणि पहिला भाग आधी काढून त्याच्या पैशातून दुसरा काढता येतो, प्रकाशकांचे पावणेदोन लाख एकदम अडकत नाहीत. छोट्या प्रकाशकासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण मी विचारलं की दुसरा भाग किती छापाल? ते जरा थांबून म्हणाले, "तीनशे. पहिला घेणारे सगळे दुसरा घेत नाहीत." मग म्हणलं खर्च त्या प्रमाणात कमी होईल ना? तर नाही. फर्म्याच्या चौदाशेतला मोठा हिस्सा प्लेटचा आणि मशीन लावून शाई, जुळणी बसवण्याचा, तो तीनशे प्रतींनाही तेवढाच, पाचशेलाही तेवढाच. वाचतो तो फक्त कागद आणि बांधणी. म्हणजे दुसऱ्या भागाची प्रत पहिल्यापेक्षा महाग पडणार आणि किंमत मात्र पहिल्याएवढीच ठेवावी लागणार, कारण भाग दोन जास्त किमतीला कोण घेईल. पाचशे छापल्या आणि तीनशेच गेल्या तर दोनशे प्रती, प्रत्येकी एकशे अडुसष्टच्या, साडेतेहेतीस हजार रुपये गोडाऊनमध्ये. कसंही फिरवलं तरी दुसरा भाग पहिल्याच्या जिवावर जगतो.

आमच्या सेक्टरमधल्या वाचनालयात मी हे बोललो तर तिथल्या मावशींनी काही न बोलता मला एका कपाटाकडे नेलं. दोन दोन भागांची पुस्तकं. पहिल्या भागांचे कणे पांढरे पडलेले, कोपरे दुमडलेले, दोन ठिकाणी तर पहिला भाग नव्हताच, हरवलेला, आणि शेजारी दुसरा भाग नवाकोरा. "पहिला हरवला की दुसरा कोण नेतंय?" त्या म्हणाल्या. मग मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, ते १८९३ चं, मुद्दाम जाऊन दोन तास जाड पुस्तकांचे कणे बघत बसलो, आत काय लिहिलंय ते न बघता नुसती बांधणी. शिलाईची जुनी पुस्तकं किती वापरली तरी पानं धरून असतात. गोंदावरची जाड पुस्तकं मध्यावर उघडलेली असतात, तिथून कणा मोडतो आणि पानांचा गठ्ठा सुटतो.

हे खात्री करायला वागळे इस्टेटमधल्या बाइंडरकाकांकडे गेलो. पन्नास वर्षं हेच काम केलेला माणूस. त्यांनी एक पाचशे पानी पेपरबॅक घेतलं, मधोमध उघडून टेबलावर दाबलं, आणि कणा तडकल्याचा आवाज आला. म्हणाले, गोंदाची बांधणी तीनशे साडेतीनशे पानांपर्यंत मी छातीठोक देतो, त्यापुढे देईन पण जबाबदारी घेणार नाही. दुसरं त्यांनी दाखवलं ते मला अजिबात माहीत नव्हतं. कागदाला धागा असतो, म्हणजे तंतूंची दिशा. ती कण्याला समांतर हवी. आडवी पडली की पावसाळ्यात पानं दमट होऊन लाटांसारखी होतात आणि पुस्तक मिटत नाही. पातळ पुस्तकात ते खपून जातं, जाड पुस्तकात कणाच ताणला जातो. त्यांनी कागदाचा तुकडा एका बाजूने ओला केला, तो लगेच वळला, "हा वळला ना त्या नळीच्या लांबीत धागा आहे." आपल्याकडे चार महिने हवा ओली, त्यामुळे हे बघायलाच पाहिजे, आणि प्रेस कागद वाचवायला कधी कधी आडवा लावते, तेव्हा ऑर्डर देतानाच लिहून द्यायचं.

तिसरी गोष्ट आतल्या समासाची. जाड पुस्तक पूर्ण उघडत नाही, कण्याकडचा समास आत ओढला जातो, म्हणून तो दोनचार मिलिमीटर जास्त ठेवायला लागतो. तो ओळीतून काढला तर ओळ लहान होते, शब्द कमी बसतात, पानं वाढतात, पुस्तक आणखी जाड होतं. बाहेरच्या समासातून घ्यावा तर अंगठ्याला जागा राहत नाही.

काकांनी मला एक डमी करून दिली. नऊशे बारा कोरी पानं, खऱ्या कागदाची, खऱ्या बांधणीची. ज्याला असा प्रश्न पडलाय त्याने बाकी काही नाही केलं तरी डमी करून घ्यावीच. आकड्यात साडेचार सेंटिमीटर आतली पानं, पुठ्ठ्यासकट पाच, वजन अकराशे ग्रॅमच्या वर. हे वाचून काही कळत नाही. मी ती डमी घेऊन घणसोलीहून ट्रेनने वाशीला गेलो, उभ्याने एका हातात धरून बघितली, कोपरखैरणे यायच्या आत मनगट भरून आलं. रात्री आत्याकडे नेली. आत्या सत्तरीची, आयुष्यभर वाचत आलेली, पाठीमुळे आता पडूनच वाचते, आणि ही कादंबरी ज्या लोकांची आहे त्यांच्यातलीच ती. तिने छातीवर ठेवून बघितली आणि म्हणाली, "एवरं मोठं बुक छातीव ठेवून वाचाचं कसं रं?"

त्या एका वाक्याने मी दोन भागांच्या बाजूला गेलो. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना पेलत नसेल तर काय करायचं एक पुस्तक ठेवून. प्रकाशकांना फोन करून सांगितलं, दोन भाग करू.

मग संपादक ताईंशी बसलो, कुठे तोडायचं ते ठरवायला. खरी अडचण तिथे उभी राहिली.

सरळ अर्ध्यावर तोडलं तर पान चारशे छप्पन्न, म्हणजे तेविसावं प्रकरण. तिथे गावातले लोक कोर्टात तारखांना जातायत. ताई म्हणाल्या, "इथे भाग संपला तर वाचक पुस्तक मिटेल आणि परत उघडणार नाही, कारण इथे त्याला काही कळून घ्यायचं राहिलेलं नाही." दुसरी जागा मला स्वतःला फार पक्की वाटत होती, १९८४ चा गोळीबार, एकोणतिसाव्या प्रकरणाचा शेवट, पान पाचशे एकाहत्तर. एवढा मोठा क्षण, तिथे पडदा. भाग आकाराने असमान, छत्तीस फर्मे आणि बावीस, पण चाललं असतं.

ताईंनी मला दुसऱ्या भागाचं पहिलं पान लिहून आणायला सांगितलं. नुसतं एक पान. मी तीन आठवडे लिहीत होतो. दरवेळी तेच व्हायचं, माणसांची परत ओळख करून द्यायला लागायची, हा काका कोण, त्याचं भावाशी का बोलणं नाही, मिठागराचा कागद कुणाकडे आहे, आणि हे सगळं सांगेपर्यंत तीस पानं व्हायची. आणि गोळीबारानंतरची जी शांतता कादंबरीत आहे, घरातलं कुणीच आठ दिवस नीट जेवत नाही, ती पुढच्याच पानावर यायला हवी. तिच्या आधी कव्हर, शीर्षकपान आणि ओळखपरेड आली की ती शांतता राहतच नाही.

ताईंचं म्हणणं असं की भाग तेव्हाच पडतो जेव्हा पहिल्या भागाने उघडलेला एक मोठा प्रश्न तिथे खरोखर मिटतो आणि त्यातूनच दुसरा, वेगळा प्रश्न उघडतो. समजा आजीचा प्रश्न १९८४ ला संपला असता आणि नातवाचा सुरू झाला असता तर दोन भाग बिनधास्त. माझ्या कादंबरीत पंचवीस वर्षं एकच प्रश्न चालतो, अंगठा द्यायचा की नाही. गोळीबार त्या प्रश्नाला पिळ घालतो, संपवत नाही.

मला पटलं पण खात्री हवी होती. सहा वाचक घेतले, ओळखीचेच पण खरं बोलणारे. बाडाच्या झेरॉक्स काढून तिघांना एक जाड स्पायरल दिली, तिघांना दोन स्पायरल, दुसरी महिनाभराने. सहा जणांवरून नियम काढता येत नाही हे मला माहीत आहे. पण दोन भागवाल्यांपैकी एकाने दुसरी स्पायरल उघडलीच नाही, आणि उरलेल्या दोघांना तो काका आठवत नव्हता, ज्याने पान एकशे चाळीसवर कागद लपवलाय, त्यामुळे पान आठशेवर कागद सापडतो तेव्हा त्यांना काहीच झालं नाही. एक भागवाल्या तिघांना तो कागद आठवत होता.

आणि याच तिघांनी, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट सांगितली: मध्ये कुठेतरी रेंगाळतं. विचारलं कुठे, तर एक म्हणाला चारशेनंतर, एकीने तारखांची प्रकरणं म्हणून सांगितलं, तिसऱ्याने स्पायरलमध्ये बसचं तिकीट खुणेला ठेवलेलं होतं आणि ते पान चारशे वीसला दोन आठवडे तसंच होतं.

मग ताईंनी एक तक्ता करायला लावला. मोठ्या कागदावर अडतीस प्रकरणं एकाखाली एक, समोर दोनच रकाने. या प्रकरणात कुणी असं काय करतं जे परत फिरवता येत नाही. आणि प्रकरण संपताना वाचकाला कोणती गोष्ट माहीत नाही जी त्याला हवी आहे. पानांची संख्या बाजूला. मी प्रामाणिकपणे भरला. अकरा प्रकरणांसमोर पहिला रकाना कोरा राहिला. त्या अकरापैकी सात एका ओळीत होती, वीस ते सव्वीस, एकशे अठरा पानं. आणि अर्ध्यावर तोडायची जी जागा होती, पान चारशे छप्पन्न, ती बरोबर त्यांच्या मधोमध.

म्हणजे कादंबरी जिथे दमलेली होती तिथेच मला भाग पाडावासा वाटत होता. दम लागला होता तो गोष्टीला, आणि मी त्यावर उपाय म्हणून बांधणी बदलत होतो.

ती सात प्रकरणं मी का लिहिली होती हेही सांगतो. ती कोर्टाची वर्षं आमच्या घराने खरंच भोगलीत. अलिबागला तारखेला जायचं म्हणजे पहाटे निघायचं, भाकरी बांधून, आणि तारीख पुढची घेऊन रात्री यायचं. वडील असे कितीतरी वेळा गेले. मला ती प्रत्येक खेप पुस्तकात हवी होती, कुणीतरी ती मोजलेली असावी म्हणून. ताईंनी ते ऐकून घेतलं, घाई केली नाही. मग म्हणाल्या, "एक खेप अशी लिही की वाचकाला बाकीच्या कळतील." हे त्यांचं वाक्य मी तक्त्याच्या वर लिहून ठेवलं.

पाच महिने कापण्यात गेले. सातांची तीन प्रकरणं झाली, त्यातली एक पूर्ण खेप, पहाटेपासून रात्रीपर्यंत, आणि तिच्यात वडील पहिल्यांदा वकिलाशी खोटं बोलतात, म्हणजे रकाना भरला. यातच चोवीस हजार शब्द गेले. उरलेली चार कोरी प्रकरणं, त्यातली दोन काढली, दोन शेजारच्या प्रकरणांत विरघळवली, बारा हजार. आणि राहिलेले चोवीस हजार ओळीओळीतून, ते सगळ्यात कंटाळवाणं काम. अकरा वर्षं तुकड्यातुकड्यात लिहिल्यामुळे प्रत्येक वेळी मीच माझ्या माणसांची परत ओळख करून देत होतो. काका आला की तो कुणाचा भाऊ, मिठागराचं नाव आलं की ते कुठे आहे. शोधून बघितलं तर एका पायवाटेचं वर्णन नऊ ठिकाणी होतं. एक ठेवलं.

दोन लाख दोन हजार शब्द उरले, तीस प्रकरणं. चव्वेचाळीस फर्मे, सातशे चार पानं.

आता नवीन कोटेशन. कागद छत्तीस हजार, छपाई साडेएकसष्ट हजार, बांधणी शिलाईची पण पुठ्ठ्याशिवाय, जाड कव्हरात, प्रतीला पन्नास, म्हणजे पंचवीस हजार, कव्हर साडेसात. एक लाख तीस हजार, प्रतीला दोनशे साठ. छापील किंमत आठशे. दोन पेपरबॅकच्या संचापेक्षा दोनशेने कमी, आणि ते शिलाईचं. आत शिवायचं आणि बाहेर पुठ्ठा लावायचा नाही हे बाइंडरकाकांनी सुचवलं, पानं सुटत नाहीत आणि वजनही कमी होतं. कव्हर कोपऱ्याला दुमडणार, ते मान्य केलं.

प्रकाशकांना शेवटपर्यंत एक शंका होती आणि ती खरी आहे: आठशे रुपये एकदम, तेही फार कुणाला माहीत नसलेल्या लेखकाच्या पुस्तकाला. म्हणून प्रकाशनपूर्व सवलत ठेवली, आगाऊ नोंदणीला साडेपाचशे. त्यात विक्रेत्याचे चाळीस टक्के जात नाहीत त्यामुळे त्यांना परवडतं, आणि कागदाचे पैसे आधी हातात येतात. मी स्वतः गावागावात जाऊन नोंदणी करतोय, घणसोली, गोठिवली, दिवाळे, उरणकडे दोन फेऱ्या झाल्या. आज सकाळपर्यंत एकशे सदतीस झाल्या. दोन भाग असते तर मी लोकांना काय सांगितलं असतं कळत नाही, की आजीने अंगठा दिला की नाही ते पुढच्या वर्षी सांगतो?

दुसरी डमी झाली. साडेतीन सेंटिमीटर, आठशे ग्रॅमच्या आसपास. आत्याकडे नेली. तिने पडून धरली, दोन मिनिटं धरून राहिली, मग कुशीवर वळून उशीला टेकवली. काही बोलली नाही, चष्मा मागितला. त्यात अजून काही छापलेलं नाही हे सांगावं लागलं.

आतला मजकूर सातशे पानांत संपतो आणि फर्मे मात्र सातशे चारला पूर्ण होतात, म्हणजे चार पानं उरली. दोन पानांवर आगरी शब्दांची यादी टाकतोय, कोंड, खाजण, बांदण असले शब्द ठाण्यापलीकडच्या वाचकाला कळत नाहीत. उरलेल्या दोन समोरासमोरच्या पानांवर खाडीचा नकाशा, १९६९ चा, पूल नसलेला, भाच्याने काढायला घेतलाय. कण्याजवळ नकाशा आत ओढला जातो म्हणून तिथे बारा मिलिमीटर नुसतं पाणी दाखव असं बाइंडरकाकांनी त्याला सांगितलंय.